नळाला पाणी येतं तेव्हा

दीडेक वर्षापूर्वी एका रात्री मी दूधवाल्याच्या हिशेबाच्या कॅलेंडरमागे आमच्या संध्याकाळचा हिशेब मांडला. पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांचे पैसे जुळवते, म्हटलं एकदा आपल्या घरातली तूट कुठे आहे ते तरी बघावं.

मी सव्वासहाला घरी येते. मुलं साडेदहाला झोपतात. म्हणजे दोनशे पंचावन्न मिनिटं हातात. सहा माणसांच्या भाकरी, भाजी, कुकर मिळून सत्तर. धाकट्याचे पाढे आणि मोठीची वही मिळून आणखी सत्तर. जेवण पस्तीस, कारण धाकटा प्रत्येक घासाला प्रश्न विचारतो. भांडी आणि ओटा तीस, उद्याच्या डब्याची भाजी चिरणं आणि गणवेश वीस, झोपवणं पंचवीस. उरली पाच मिनिटं. ती एका मोज्याचा जोडीदार शोधण्यात गेली.

आमच्या जोडीचं काय, हा प्रश्न मला तेव्हा पडला.

यांना दोष द्यावा तर तशीही सोय नाही. कृषी केंद्राचं दुकान बंद करून आठला आले की शर्ट बदलायच्या आत पाढे घ्यायला बसतात. वर्षभरापूर्वी आम्हीच कामं वाटून घेतली होती, अभ्यास त्यांचा आणि ओटा माझा. वाटणी अगदी न्यायाची झाली आणि तिथेच घोळ झाला. आधी मी एकटी सगळं करायचे तेव्हा हे निदान ओट्याशी उभं राहून शेंगा सोलत गप्पा मारायचे. आता ते पुढच्या खोलीत, मी मागच्या. मधल्या भिंतीतून फक्त ‘सात सक बेचाळीस’ ऐकू येतं. एकदा रात्री सव्वानऊला धाकट्याला आठवलं की उद्या पाच प्रकारची पानं चिकटवून न्यायची आहेत. बापलेक बॅटरी घेऊन निंब, पिंपळ शोधत फिरले, नि मी तव्यावरची भाकर उलटता उलटता खिडकीतून तो उजेड हलताना बघत होते. त्या दिवशी आमची भेट झाली ती एवढीच.

मुलं झोपल्यावर बोलू, असंही ठरवून पाहिलं. पण साडेदहानंतर उरतो तो वेळ नसतो, खरवड असते. मी म्हणायचे, बोला. ते म्हणायचे, तू बोल. तिसरं वाक्य घोरण्याचं असायचं. एका रविवारी मुलांना सासूबाईंकडे सोडून आम्ही हायवेवरच्या ढाब्यावर शेवभाजी खायला गेलो. समोरासमोर बसल्यावर इतकं अवघडल्यासारखं झालं की मुलगी बघायला आल्यासारखं वाटलं. मग दोघांनी मिळून मोठीच्या गणिताचा विषय काढला आणि सुटलो. तिखट रश्श्याने दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. बघणाऱ्याला वाटलं असेल, काय प्रेमाचं जोडपं आहे.

वेळ सापडला तो नळापाशी.

आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी येतं, पहाटे पावणेपाचच्या सुमाराला. पहिलं पाणी गढूळ, ते बादलीत धरून फरशी पुसायला ठेवायचं. मग पिण्याचे हंडे फडक्यातून गाळून भरायचे, नळी हौदात सोडायची आणि हौद निम्मा झाला की मोटर लावून वरची हजार लिटरची टाकी भरायची. आमची मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची. टाकीला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. मी खाली बटणाशी, हे वर टाकीशी, भरली की ओरडायचं, अशी जुनी पद्धत. एकदा ओरडण्याने धाकटा उठला, म्हणून पुढच्या वेळी हे वरून फोनवर म्हणाले, “वरच ये ना. भरायला आली की पाण्याचा आवाज बदलतो, तेव्हा उतरू.”

तशी मी वर गेले. गच्चीच्या कठड्याला टेकून बसलो. सुरत-भुसावळ लाइनवरून एक लांबलचक मालगाडी गेली, तिचे डबे मोजले, एक्केचाळीसनंतर माझे चुकले.

त्या चाळीस मिनिटांची खुबी मला बऱ्याच पाण्यांनंतर कळली. तिथून उठता येत नाही आणि करायलाही काही नसतं. दुसरं काम काढावं तर भांडं वाजून मुलं उठतील. आपण मुद्दाम वेळ काढलाय असं अवघडलेपणही नाही, कारण आपण पाणी भरतोय. आणि टाकी भरली की बोलणं संपवावंच लागतं, त्यामुळे सुरू करायची धास्ती वाटत नाही. महिन्याला सात-आठ वेळा धरलं तर पाच तास होतात. संध्याकाळच्या हिशेबात हे पाच तास कितीही ताणले तरी निघाले नसते.

पहिल्या तीन-चार पाण्यांना आम्ही फी, गॅस आणि डबा यांवरच बोललो. मग विषय संपले. एका पाण्याला तर गप्पच होतो. आणि त्यानंतरच्या पाण्याला हे एकदम म्हणाले, “मला दुकान आवडत नाही. कधीच आवडलं नाही.”

अकरा वर्षं झाली लग्नाला. बियाण्याच्या पिशव्यांचा वास अंगाला घेऊन रोज घरी येणारा माणूस. मी काही विचारणार तेवढ्यात टाकीतला आवाज बारीक झाला, पाठोपाठ पाणी सांडलं आणि हे जिना उतरून गेले. पुढचं ऐकायला मला चार दिवस थांबावं लागलं. त्या चार दिवसांत संध्याकाळी पाढे चालू असताना मी दोनदा पुढच्या खोलीत डोकावून आले. ते नेहमीसारखेच दिसत होते.

सगळंच गोड होतं असं नाही. नणंदेच्या लग्नाच्या देण्याघेण्यावरून एकदा इतके भांडलो की टाकी वाहून शेजारच्यांच्या गच्चीवर पाणी गेलं. थंडीत गोधडी घेऊन बसावं लागतं. एप्रिल-मेमध्ये अख्खं घर गच्चीवर झोपतं, तेव्हा आमची बैठक खाली मोटरशेजारच्या पायरीवर भरते, तिथे डासांशिवाय कुणी नसतं. उन्हाळ्यात पाणी सहाव्या दिवसावर जातं, तेव्हा कळशी मोजून वापरावी लागते म्हणून मी चिडते आणि आणखीही एका कारणाने चिडते, ते मी कुणाला सांगत नाही.

परवा सासूबाईंना कपाटाच्या खणात एक बंद डबा सापडला. टाकी भरली की बाईच्या आवाजात ‘कृपया मोटर बंद करा’ म्हणणारा अलार्म. आता गल्लीत घरोघर वाजतो. यांनी दिवाळीतच आणलाय, साडेतीनशेला. तो बसवला की एकाच माणसाने उठून भागतं.

“हाई काय शे रे?” सासूबाईंनी विचारलं.

“टाकीचा भोंगा. बिघडेल शे ते,” हे पाढ्यांच्या वहीतून मान वर न करता म्हणाले.

सासूबाईंनी डब्याची न फाटलेली चिकटपट्टी चष्म्याजवळ धरून बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी भाकर थापायला घेतली.

“डबामाच बिघडनं का?” म्हणाल्या, आणि डबा होता तिथे, साड्यांच्या खाली, परत ठेवून दिला.