मध्यान्हीचा फिल फ्लॅश: मामांचे डोळे अखेर सापडले

भर उन्हात चेहऱ्यावर पडलेली सावली फ्लॅशने भरायची, म्हणजे फिल फ्लॅश. त्याच्या ज्या फोटोसाठी मी तीन आठवडे सगळ्यांचं डोकं खात होतो, तो रविवारी मिळाला. मामा, अंपायरची पांढरी रुंद काठाची हॅट, कोथरूडचं मैदान, दुपारचे साडेबारा. आणि हॅटखाली चक्क दोन डोळे! डाव्या डोळ्याच्या बाहुलीत फ्लॅशचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपकाही आहे. मी तो शंभर टक्के झूम करून घरातल्या प्रत्येकाला दाखवला. कोणालाही काही वाटलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

वेळ मुद्दाम वाईट निवडली होती. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोही घड्याळाच्या बाराला नाही तर साडेबाराच्या सुमारास. उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच संपते. हॅट घातलेल्या माणसाचा चेहरा अशा वेळी कपाळापासून हनुवटीपर्यंत काठाच्या सावलीत असतो. चार वाजता या म्हणजे प्रश्नच नाही, हे मलाही कळतं. पण मामांचे सामने चार वाजता नसतात.

मागच्या नोंदीतली मांडणी आठवत असेल. फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारा ६० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स, स्टँड डोक्याच्या वर, बाजूला पंचेचाळीस अंशांवरून, घरातल्या पोर्ट्रेटला लावतो तसा. त्याचा निकाल असा की हनुवटी उजळ, गाल उजळ, नाकाचं टोक उजळ आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. पॉवर एक स्टॉप वाढवली, म्हणजे दुप्पट केली, तर हनुवटी भाजली आणि खड्डे तसेच राहिले. आणखी एक स्टॉप वाढवला, तेव्हा मिशी पांढरी झाली. (ती तशी पांढरीच आहे, पण तिच्यातले केस तरी दिसायचे.) मामांनी कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून विचारलं, "अरे, माझे डोळे कुठायत? का ते वेगळे काढणारेस?"

पॉवर वाढवून उजळलेला भाग आणखी उजळतोय आणि काळा भाग जिथल्या तिथे आहे, म्हणजे तिथे प्रकाश कमी पडत नाहीये, पोचतच नाहीये. हे ओळखायला मला तीन रविवार लागले, याची लाज वाटते. फोटो मोठा करून पाहिला तर भुवईखालून, नाकाच्या मुळावरून एक वाकडी रेघ गेलेली होती. ती सूर्याची सावली नव्हती, कारण सूर्याच्या सावलीत तर अख्खा चेहरा होता. ती माझ्याच सॉफ्टबॉक्सने पाडलेली त्याच काठाची दुसरी सावली होती.

मग पट्टी घेऊन बसलो. मामांच्या हॅटचा काठ कपाळाच्या ७ सेंटीमीटर पुढे येतो. डोळा काठाच्या टोकापासून आडवा मोजला तर ८ सेंटीमीटर आत आणि ५ सेंटीमीटर खाली आहे. म्हणजे काठाच्या टोकावरून डोळ्यापर्यंतची रेघ साधारण ३२ अंशांची. प्रकाश याहून उंचावरून आला तर तो काठावर आपटणार. माझ्या सॉफ्टबॉक्सचा मध्य जमिनीपासून २.३ मीटरवर, मामांचे डोळे १.६५ मीटरवर आणि मधलं अंतर १.२ मीटर, म्हणजे २८ अंश. कागदावर अर्ध्याहून जास्त बॉक्स आत यायला हवा होता. पण अंपायर उन्हात मान ताठ ठेवत नाही. मामांची मान १५ अंश तरी खाली असतेच, आणि मान खाली गेली की ३२ चे १७ होतात. तिथे खेळ संपला. इतके दिवस मी हॅटच्या काठावर फ्लॅश मारत होतो.

उपाय इतका साधा निघाला की सांगायला संकोच वाटतो. स्टँड गाडीत ठेवला आणि फ्लॅश कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत, हॉट शूवर, चढवला. लेन्स मामांच्या डोळ्यांच्या उंचीला आणि दोन मीटरवर असेल, तर लेन्सच्या १५ सेंटीमीटर वर बसलेला फ्लॅश जेमतेम ४ अंशांवरून येतो. तो काठाखालून सरळ आत शिरतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला मी आजवर लग्नातल्या जेवणावळीचा प्रकाश म्हणून हिणवत आलोय. घरात तो सपाट दिसतो, कारण तिथे तोच मुख्य प्रकाश असतो. इथे मुख्य प्रकाश सूर्याचा, याला फक्त खड्डे बुजवायचेत. चेहऱ्यावर याची वेगळी सावली दिसायलाच नको, आणि लेन्सजवळून आल्यामुळे ती दिसतही नाही. उन्हात सावलीच्या भरणीला सॉफ्टबॉक्स लावणं म्हणजे दीड-दोन स्टॉप प्रकाश वाया घालवून बदल्यात वाऱ्याला शीड देणं, असं माझं आता मत झालंय. ज्यांनी परवाच घेतलाय त्यांनी माफ करावं.

आता पॉवरचा हिशेब, कारण मागच्या वेळी दोघांनी विचारला होता. आयएसओ १००, शटर १/२०० (माझ्या बॉडीचा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या शटरचा कमाल वेग, तेवढाच), उन्हासाठी एफ/११. तपकीर गल्लीतून घेतलेला जुना हातमीटर काठाखाली, डोळ्याशी धरून कॅमेऱ्याकडे तोंड केलं तर एफ/४ दाखवतो. म्हणजे चेहरा उन्हापेक्षा तीन स्टॉप खाली. मी फ्लॅश एवढा ठेवला की नुसत्या फ्लॅशचं मोजमाप एफ/५.६ यावं. सावलीतला मूळ प्रकाश एक वाटा धरा, फ्लॅशचे त्यात दोन वाटे आले, एकूण तीन झाले. ऊन आठ वाटे. तीन आणि आठ यांत साधारण १.४ स्टॉपचं अंतर राहतं. हॅटची सावली सावलीसारखीच दिसते, पण डोळ्याचा पांढरा भाग आणि बुबुळ वेगळे कळतात. माझ्या फ्लॅशला दोन मीटरवरून, वर काही न लावता, त्यासाठी १/८ पॉवर लागली. फ्लॅश पटकन पुन्हा तयार होतो आणि तापत नाही.

एकदा हावरटपणा करून १/२ वर नेलं. चेहरा आणि ऊन जवळजवळ बरोबरीला आले आणि मामा मागच्या मैदानावर कापून चिकटवल्यासारखे दिसायला लागले. भरणी जास्त झाल्याची खूण हीच: डोक्यावर ऊन दिसतंय, पण हॅटची सावली कुठे पडलीय ते कळत नाही.

टीटीएलवर, म्हणजे कॅमेराच फ्लॅशची पॉवर ठरवतो त्या पद्धतीवर, मात्र माझा राग आहे. हॅट पांढरी, शर्ट पांढरा, त्यामुळे मोजमापासाठी आधी टाकलेली छोटी पूर्वचमक भरपूर परत येते आणि कॅमेऱ्याला वाटतं की काम झालं. त्यात बऱ्याच बॉडी भर उन्हात फ्लॅश आपणहून कमी करतात. त्यावर आपण पुस्तकी सल्ल्याप्रमाणे उणे एक लावला की दोनदा वजाबाकी होते. अंतर दोन मीटर ठरलेलं असेल तर मॅन्युअलच बरं. फक्त पाय हलवायचे नाहीत. दोनचे २.८ मीटर झाले की फ्लॅश एक स्टॉप पडतो, आणि तो पडलेला डोळ्यांतच दिसतो.

उरलेलं दुखणं मागच्या दृश्याचं. एफ/११ ला मागे लावलेल्या स्कूटरी आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे दादा सुद्धा कोरीव दिसतात. म्हणून एचएसएस, म्हणजे सिंकपेक्षा वेगवान शटरवर फ्लॅश, करून पाहिलं, एफ/४ आणि १/१६००. एक्स्पोजर तेवढंच, पार्श्वभूमी विरघळली. पण एचएसएसमध्ये फ्लॅश एकदम न पेटता शटरचा पडदा सरकेपर्यंत तुकड्यातुकड्यांत पेटत राहतो, आणि त्यातला बराच प्रकाश बंद पडद्यावर पडून वाया जातो. शटर वाढवताना गेलेलं अॅपर्चर उघडून परत मिळतं, पण हा दंड साधारण दोन स्टॉपचा, तो सुटत नाही. जिथे १/८ पुरत होतं तिथे १/२ लागली. दहा-बारा फोटोंनंतर मेच्या उन्हात फ्लॅशने तापल्याची खूण दाखवून संप पुकारला. त्यात स्वस्तातला ट्रिगर लावला होता तेव्हा त्याने एचएसएस आपोआप बंद केलं आणि फ्लॅशचा प्रकाश फोटोच्या एका अरुंद पट्टीपुरताच आला ते वेगळंच. नाव घेत नाही, पण बटण दाबल्यावर तो 'टिक' न करता 'टुक' करतो. ज्याच्याकडे आहे त्याला कळेल.

त्यामुळे मोठा, वेगळ्या बॅटरीचा फ्लॅश घ्यायचं ठरलं होतं, भाव काढून झाले होते. पण वरचा हिशेब लिहितानाच डोक्यात आलं की लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी, म्हणजे प्रकाश कापणारी गडद काच, लावला तर? शटर १/२०० वरच, अॅपर्चर एफ/४. एनडी ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कापतो, म्हणजे प्रमाण बिघडत नाही आणि लागणारी पॉवर एफ/११ ला होती तेवढीच, १/८. एचएसएसचा दंड वाचला! व्ह्यूफाइंडर अंधारा होईल आणि फोकस थोडा चाचपडेल, पण उभ्या माणसाला चालतं. मोठा फ्लॅश रद्द. एनडी ओळखीच्या एकाकडून मागवतोय, रंग पिवळट मारतो का ते पाहून सांगतो.

आणखी एक गोष्ट जाता जाता सापडली. मामा हिरवळीवरून सिमेंटच्या पिचवर आले की मीटर काठाखाली पाऊण स्टॉप जास्त दाखवतो. म्हणून मंडळाचा एक जुना फ्लेक्स उलटा, पांढरी बाजू वर करून, त्यांच्या पायांपुढे पसरला. सावली फ्लॅशशिवाय भरली, पण मामांचे डोळे मिटले. "खालून भट्टी लावलीयस का रे?" त्यांचं बरोबर होतं. फ्लॅश डोळा मिटायच्या आत येऊन जातो, फ्लेक्स सतत डोळ्यांत खुपतो. शिवाय खालून आलेला प्रकाश नाकपुड्या उजळतो आणि माणूस नाटकातला कपटी काका दिसतो. तरी फ्लेक्स दोनेक मीटर मागे, माझ्या पायांशी ओढून आणि फ्लॅश १/१६ वर आणून घेतलेले शेवटचे चार फोटो मला सगळ्यांत आवडले. त्यांतल्या एकात मामा हसतायत, कारण वाऱ्याने फ्लेक्स उडून माझ्या तोंडावर आला होता.

येत्या रविवारी एनडी, १/८ आणि फ्लेक्सच्या चार कोपऱ्यांवर चार विटा. मामांनी अट घातलीय की दहा मिनिटांच्या वर उभा राहणार नाही, आणि आधी उसाचा रस.