खरे रिव्ह्यू, खोटा वास

ऑफिससाठीच्या खुर्च्या ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीचं काम होतं. तक्रार एकच: होमपेजवरच्या टेस्टिमोनियल कॅरोसेलवर, म्हणजे ग्राहकांच्या अभिप्रायांच्या सरकत्या कार्डांवर, कुणाचा विश्वास बसत नाही. पेज काही अनोळखी लोकांना दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया घेतल्या होत्या. "हे तुम्हीच लिहिलंय ना?" हा सूर बहुतेकांचा.

नऊ कार्डं होती. "अप्रतिम खुर्ची!", "पैसे वसूल!", "सेवा उत्तम!" सगळ्यांना पाच तारे, आणि शेजारी पांढऱ्या भिंतीपुढे हसणारे चेहरे. मी मूळ रिव्ह्यूंची एक्सेल मागवली, तेव्हा कळलं की नऊच्या नऊ रिव्ह्यू खरे होते. ऑर्डर नंबर जुळत होते, माणसंही खरी होती. चेहरे तेवढे विकतच्या फोटोंमधले. म्हणजे कुणी खोटं लिहिलेलं नव्हतं. खऱ्या मजकुरातला खरेपणा कुणीतरी कापून टाकला होता, आणि कुणी ते शोधायला गेलो तर सापडला एक चौकोन.

डिझायनरने कार्डाला एकशेवीस अक्षरांची मर्यादा घातली होती, कारण सगळी कार्डं एका उंचीची हवीत. शंभर-सव्वाशे अक्षरांत विशेषणच बसतं, प्रसंग बसत नाही. मार्केटिंगच्या माणसाने मग प्रत्येक रिव्ह्यूमधून विशेषण तेवढं वेचून घेतलं. त्याला दोष देता येत नाही, त्याला चौकोन भरायचा होता. पण मजकूर हातात यायच्या आधी त्याची लांबी ठरवणारे डिझायनर मला फार भेटतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात माझा बराच वेळ जातो.

एक रिव्ह्यू इथे देतो. चार तारे, मूळ मजकूर असा:

"खुर्ची यायला दहा दिवस लागले, तेही तीनदा फोन केल्यावर. जोडायला एकट्याला दीड तास गेला, चित्रात मागचा स्क्रू कुठला तेच कळत नाही. पण आता दोन महिने झाले, रोज आठ तास बसतो, संध्याकाळी उठताना कंबर धरत नाही. हात टेकायची जागा जरा कडक आहे. एकूण मस्त."

जुन्या कार्डावर यातलं काय होतं? "कंबर धरत नाही. मस्त!" आणि तारे पाच. चाराचे पाच तारे कुणी केले, ते कुणीच सांगितलं नाही.

आम्ही सगळे रिव्ह्यू नव्याने चाळले. चाळणी साधी होती: हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही वस्तूला जसंच्या तसं लावता येतं का? येत असेल तर बाद. "पैसे वसूल" मिक्सरलाही चालतं, म्हणून गेलं. उरलेल्यांत तीन गोष्टी शोधल्या. वापरून किती दिवस झाले, आधी अडचण काय होती, आणि काय खटकलं. तिन्ही असलेले रिव्ह्यू थोडेच निघतात, पण दोन असले तरी कार्ड उभं राहतं. यातलं खटकलेलं सगळ्यात मोलाचं. दीड तास लागला असं लिहिणारा माणूस कंबरेबद्दलही खरंच बोलत असणार, हा हिशेब वाचणारा नकळत करतो.

कापण्याचे नियम लेखी ठेवले. काढायचं तर पूर्ण वाक्य काढायचं, वाक्याच्या पोटातून शब्द नाही. मधलं काही गाळलं तर तीन टिंबं द्यायची. "पण" कधीही काढायचा नाही, आणि त्याच्या दोन्ही बाजू एकत्रच ठेवायच्या. शुद्धलेखन अर्थ बिघडत असेल तरच सुधारायचं. उद्गारचिन्ह लेखकाने दिलं असेल तरच राहील. तारे मूळचेच.

एक रिव्ह्यू मात्र चाळणीतून सहज पार होऊनही बाजूला ठेवला. त्यात सरकलेली मणक्याची चकती या खुर्चीने बरी झाली असं लिहिलं होतं. माणूस मनापासून लिहीत असेल, पण ग्राहकाचं वाक्य आपण जाहिरातीत लावलं की तो दावा आपला होतो, आणि तो सिद्ध करायची जबाबदारीही आपली. कंपनीकडे तसा कुठलाच पुरावा नव्हता.

मग परवानगी. प्रत्येकाला निरोप गेला तो कार्डावर जाईल तो नेमका मजकूर आणि नाव कसं छापायचं ते विचारून: पूर्ण नाव, पहिलं नाव की आद्याक्षरं. "तुमचा अभिप्राय वापरू का?" एवढंच विचारलं की लोक हो म्हणतात आणि नंतर कापलेला मजकूर पाहून भडकतात. ज्यांना रिव्ह्यूबद्दल सवलतीचं कूपन मिळालं होतं, त्यांच्या कार्डावर तसं लिहिलं. मार्केटिंगला हे आवडलं नाही. विकतचे चेहरे काढून टाकले. फोटो नसेल तिथे आद्याक्षराचा गोल ठेवला, आणि खाली खुर्चीचं मॉडेल, रिव्ह्यूचा महिना आणि वर्ष.

आता तो चौकोन. कार्डं वेगवेगळ्या उंचीची होऊ द्यायची आणि वरच्या रेषेत लावायची, एवढाच उपाय. त्यासाठी वेगळी लायब्ररी लागत नाही:

```css
.reviews {
  display: flex;
  gap: 1rem;
  align-items: flex-start;
  overflow-x: auto;
  scroll-snap-type: x proximity;
}
.reviews > li {
  flex: 0 0 85%;
  scroll-snap-align: start;
}
```

मोबाइलवर 85% मुळे पुढच्या कार्डाची कड दिसत राहते, त्यामुळे पुढे काही आहे हे बाण न दाखवताही कळतं. मोठ्या स्क्रीनवर हाच आकडा कमी करायचा आणि बटणं द्यायची. ऑटोप्ले काढून टाकला. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठी WCAG नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांतला 2.2.2 हा निकष सांगतो की आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलणारा मजकूर थांबवायची सोय हवी. पण नियम नसता तरी मी तो काढला असता. प्रसंग सांगणारा रिव्ह्यू वाचायला वेळ लागतो, आणि वाचता वाचता वाक्य हातातून निसटलं की माणूस परत मागे जात नाही.

कॅरोसेलमधली मागची कार्डं फार थोडे लोक बघतात. म्हणून चार तारेवाला कंबरेचा रिव्ह्यू पहिल्या जागी ठेवला. "तक्रारीने सुरुवात?" असं मॅनेजरने दोनदा विचारलं. वर एक ओळ जोडली: एकूण रिव्ह्यू किती, सरासरी तारे किती, आणि सगळे वाचायची लिंक. दुकानात सरासरी ४.३ आणि कॅरोसेलमध्ये सगळीकडे पाच, ही तफावत कुणीच तोंडाने बोलत नाही, पण ती दिसते. नऊऐवजी सहा कार्डं ठेवली, त्यातली दोन कार्डं चार ताऱ्यांची.

पहिल्या कार्डावर शेवटी एवढं गेलं: "...जोडायला एकट्याला दीड तास गेला, चित्रात मागचा स्क्रू कुठला तेच कळत नाही. पण आता दोन महिने झाले, रोज आठ तास बसतो, संध्याकाळी उठताना कंबर धरत नाही. हात टेकायची जागा जरा कडक आहे. एकूण मस्त." स्क्रूचं वाचून कंपनीने जोडणीचं चित्र नव्याने काढून घेतलं, ते काम माझ्या यादीतही नव्हतं.

दहा दिवसांचं वाक्य मात्र गळलं. कंपनीचं म्हणणं, पोचवणारे आता बदललेत, आणि तक्रार खुर्चीची नाही. लेखकाने कापलेला मजकूर वाचून होकार दिला, सुरुवातीला तीन टिंबं आहेत, पूर्ण रिव्ह्यूची लिंक कार्डाखाली आहे. नियमात सगळं बसतं. पण ती लिंक किती जण दाबतील? आणि खुर्ची मागवणाऱ्याला ती कधी येईल हे खुर्चीइतकंच महत्त्वाचं नसतं का? मी ते वाक्य ठेवून, खाली कंपनीचं तारखेसह एका ओळीचं उत्तर द्या असं सुचवलं होतं. मॅनेजरने पुढच्या फेरीत बघू म्हटलं. ती फेरी अजून आलेली नाही.