आमची वाटचाल: दर गेला तुटीच्या रकान्यात

वेंगुर्ल्यात आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. सुरुवात घराच्या पडवीत झाली. बी उकडायला एक कुकर, फोडायला सहा बायका आणि माल सुकवायला एक जुना बोर्मा, एवढंच भांडवल होतं. आज पंचेचाळीस माणसं कामाला आहेत. त्या सगळ्या वर्षांबद्दल कधीतरी सविस्तर लिहीन. आत्ता लिहितोय ते गेल्या दोन हंगामांबद्दल, कारण त्यात जे शिकलो ते कुठल्याही यंत्राच्या खरेदीत शिकलो नव्हतो.

काजूचा धंदा बाहेरून बारमाही दिसतो, पण बी येते मार्च ते मे. वर्षभर फोडायची बी त्या तीन महिन्यांत घेऊन ठेवावी लागते. त्यामुळे खरेदीची बिलंही तेव्हाच साचतात. शेतकऱ्याकडून कच्ची बी घेतली की जीएसटी रिव्हर्स चार्जने आम्हीच भरायचा असतो आणि त्याच्या नावाचं बिलही आम्हीच करायचं असतं. काट्यावरची पावती, तिच्यावरून ईआरपीत, म्हणजे खरेदी-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद, नोंदीवरून बिल. एका नोंदीला चार मिनिटं धरली तरी रोज चाळीस-पन्नास पावत्या म्हणजे आमच्या अकाउंट्सच्या ताईंचा अर्धा दिवस गेला. एप्रिलमध्ये त्या रात्री नऊला घरी जायच्या.

म्हणून कुडाळच्या एका ओळखीच्या मुलाकडून रोबोट बसवून घेतला. रोबोट म्हणजे हातपाय असलेलं काही नव्हे. माणूस स्क्रीनवर जे टाइप करतो, तेच करणारं एक सॉफ्टवेअर. काट्यावरचा मुलगा पावत्या एक्सेलमध्ये भरायचा आणि संध्याकाळी सहानंतर रोबोट ती शीट उघडून एकेक ओळ ईआरपीत चढवायचा. एक-दोन पोती घेऊन येणाऱ्यांच्या पावत्या ताई दिवसाच हाताने करायच्या, मोठ्या पावत्या रोबोटकडे. पहिल्या हंगामात एकही तक्रार नाही. ताई सहाला घरी.

दुसऱ्या हंगामात, ऐन एप्रिलात, ईआरपीवाल्यांनी रात्रीत नवीन आवृत्ती चढवली. खरेदीच्या स्क्रीनवर पोती, वजन, दर असे तीन रकाने होते. आता वजन आणि दर यांच्यामध्ये ‘तूट’ नावाचा रकाना आला. ओल्या बीचं वजन कापायला तो उपयोगीच होता. ताईंनी सकाळी तो पाहिला, शून्य टाकलं आणि पुढे गेल्या. मला सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. कशाला येईल? माणसाला नवा रकाना दिसतो, तो क्षणभर थांबतो आणि वाट काढतो.

रोबोटला मात्र रकाने दिसतच नव्हते. आमचा ईआरपी दूरच्या सर्व्हरवर चालतो, ऑफिसच्या पीसीवर त्याचं नुसतं चित्र उमटतं. चित्रातला ‘दर’ हा रकाना आहे हे रोबोटला कळत नाही, म्हणून त्या मुलाने त्याला टॅब मोजायला शिकवलं होतं: पोती टाक, टॅब, वजन टाक, टॅब, दर टाक, सेव्ह. त्या संध्याकाळीही त्याने इमानेइतबारे तेच केलं.

एक पावती सांगतो. १० पोती, वजन ८०० किलो, दर १२० रुपये, रक्कम ९६,००० रुपये. रोबोटने १२० टाकले ते तुटीत. वजन उरलं ६८० किलो. दराचा रकाना रिकामा राहिला असता तर सेव्हच झालं नसतं. पण सोयीसाठी आम्हीच ईआरपीतल्या मालाच्या यादीत, म्हणजे आयटम मास्टरमध्ये ११८ हा चालू दर भरून ठेवला होता, तो आपोआप आला. ६८० गुणिले ११८ म्हणजे ८०,२४०. स्क्रीनने हूं की चूं केलं नाही. १२० ही संख्या किलो म्हणूनही चालते आणि रुपये म्हणूनही, तिथे कुठलंच सॉफ्टवेअर काय ओरडणार?

असं तीन संध्याकाळ चाललं. रोबोटचा अहवाल रोज तोच: सर्व नोंदी यशस्वी. शेतकऱ्यांना पैसे काट्याच्या पावतीवरून बँकेत जात होते, त्यामुळे ते बरोबर गेले. चौथ्या दिवशी तुळस गावचे एक काका फोनवर. “माका मेसेज इलो, माझ्याकडे तुमचे पंधरा हजार सातशे साठ येणे. ह्या काय आता?” खात्याचा मेसेज ईआरपी आपोआप पाठवतो. आम्ही दिले ९६,०००, नोंद ८०,२४० ची, म्हणजे पुस्तकाच्या मते काकांनी आमचे पैसे दाबून ठेवलेले. मी माफी मागितली आणि टायपिंगची चूक समजून सोडून दिलं. ही माझी चूक.

त्याच संध्याकाळी एका पोत्याची पावती चुकून रोबोटच्या शीटमध्ये गेली. ७८ किलो, वजा १२०. वजन उणे ४२ झालं आणि स्क्रीनने पहिल्यांदा नकार दिला. रोबोट अडकला, तेव्हा आम्ही स्क्रीनकडे नीट पाहिलं. ती पावती नसती तर महिनाअखेरीच्या स्टॉक मोजणीपर्यंत कळलं नसतं. तेव्हा कळलं असतं ते असं की गोदामात बी जास्त आणि पुस्तकात कमी. त्या तीन दिवसांत पावणेसोळा टन बी पुस्तकातून गायब होती आणि कमी रकमेवर कमी जीएसटीही निघत होता. विवरणपत्राची २० तारीख लांब होती, हे नशीब.

निस्तरताना दुसरी घोडचूक दिसली. रोबोट ताईंच्याच लॉगिनने काम करत होता. रोबोटच्या नोंदी कुठल्या आणि ताईंच्या कुठल्या, हे वेगळं काढायला मार्गच नव्हता. तीन दिवसांच्या सगळ्या पावत्या काढून, पेन्सिलने खुणा करत १३१ चुकीच्या नोंदी शोधल्या, रद्द केल्या आणि पुन्हा केल्या. रोबोटला स्वतःचं लॉगिन त्याच रात्री मिळालं.

मग त्या मुलाने रोबोट थेट सर्व्हरवर बसवला. तिथे त्याला चित्र नव्हे, खरे रकाने त्यांच्या आतल्या नावानिशी दिसतात. मध्ये कितीही रकाने आले तरी तो ‘दर’ शोधूनच दर टाकतो आणि सापडला नाही तर थांबतो. पण यावर मी पूर्ण विसंबलो नाही, कारण नव्या रकान्याचा अर्थ त्याला अजूनही कळत नाही. तूट खरंच कापायची का, हे काट्यावरच्या माणसालाच ठाऊक.

म्हणून दोन गोष्टी वाढवल्या. सेव्ह केल्यावर रोबोट तीच नोंद पुन्हा उघडतो, एकूण रक्कम वाचतो आणि शीटमधल्या वजन गुणिले दराशी ताडतो. एक रुपयाचा फरक आला तरी स्क्रीनचा फोटो काढून काम बंद. आणि आयटम मास्टरमधून कच्च्या बीचा दर काढून टाकला. बी वेंगुर्ला ४ जातीची असो की ७, दराचा रकाना आता रिकामाच उघडतो. ताईंना थोडं जास्त टाइप करावं लागतं, त्या कुरकुरतात, पण दर चुकून दुसरीकडे गेला तर सेव्ह होत नाही.

अर्ध्यावर थांबलेला रोबोट पुन्हा सुरू केला की झालेल्या नोंदी दुसऱ्यांदा चढायच्या, हा त्रास नंतर समजला. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे तो वारंवार झाला. आता तो आधी पावती क्रमांक शोधतो, सापडला तर ती ओळ सोडून देतो.

नवीन आवृत्ती येणार असल्याची सूचना ईआरपीवाल्यांकडून लेखी मागून घेतली आहे. आली की आधी ईआरपीतच चाचणीसाठी उघडलेल्या खोट्या कंपनीत पाच जुन्या पावत्या चालवतो. त्यातली एक मुद्दाम एका पोत्याची असते.

यंदा त्यांच्याकडून एक्सेलवरून थेट नोंदी घेण्याची सोयही विकत घेतली. त्यात स्क्रीनच लागत नाही आणि चुकीच्या ओळींची यादी वेगळी येते. आधीच का नाही घेतली, असं ताई विचारतात. तेव्हा पैसे जास्त वाटले होते. काजूची खरेदी आता त्या वाटेने जाते. रोबोटकडे ट्रान्सपोर्टची बिलं उरली आहेत, दिवसाला आठ-दहा.