मीटर लावला की चालते, काढला की बंद

एम. जी. रोडवरच्या आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर एक काकू पॉवर बँक आणि फिटनेस बँड घेऊन आल्या. श्रावणात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करायची होती आणि पावलं मोजायला बँड हवा होता. "दादा, फोन झकास चार्ज होतो हिच्यावर, पण बँड सत्तर टक्क्यांच्या आसपास अडकतो. आधीच्या बँकेचंही हेच. दुकानदाराने बदलून दिली, तरी तेच!"

दोन बँका एकाच जागी अडकतात म्हटल्यावर बँकेत बिघाड असण्याची शक्यता कमीच. मी मध्ये करंट मोजणारा यूएसबी मीटर लावला. बँड सुरुवातीला साधारण ९० मिलिअँपिअर घेत होता, मग हळूहळू उतरत ४० वर आला. लिथियम सेल भरत आला की करंट असा उतरतोच. बँक मात्र चालूच! काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मीटर काढून बँड थेट जोडला, तर अर्ध्या मिनिटात बँकेचे दिवे विझले. बटण दाबलं, पुन्हा अर्धा मिनिट, पुन्हा अंधार.

गंमत अशी की मीटर स्वतःही दहा-पंधरा मिलिअँपिअर खातो आणि ते आकड्यात दिसत नाही. बँकेतल्या आयसीला मात्र दोघांची बेरीज दिसते. स्वस्त बँकांमध्ये सर्रास सापडणारी IP5306 ही आयसी ४५ मिलिअँपिअरपेक्षा कमी भार ३२ सेकंद राहिला, की आउटपुट बंद करते. तिच्या हिशेबाने फोन भरला, किंवा केबल कुणीतरी काढली. ही सोय नसती, तर ३.७ व्होल्टचे ५ करणारं सर्किट दप्तरात पडल्या पडल्या सेल संपवत राहिलं असतं. इअरबडच्या केसचंही असंच होतं. केस भरत आली, की तिचा करंटही एवढाच उरतो.

खरा बिघाड वेगळा ओळखू येतो. फोनवरही बँक बंद पडते, नाहीतर जोडल्या जोडल्या क्षणात विझते. मग केबल किंवा सेल तपासायचे.

काही बँकांत बटण दोनदा दाबलं, की कमी करंटचा मोड सुरू होतो. काकूंच्या बँकेत तो नव्हता. मी दाबून पाहिलं. मग दुसऱ्या पोर्टला एक वॅटचा यूएसबी दिवा लावून दिला. तो सुमारे २०० मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे भार उंबरठ्याच्या वर राहतो. दहा हजार मिलिअँपिअर-तासांच्या बँकेत साधारण ३७ वॅट-तास असतात. बँड भरेपर्यंतच्या तासाभरात दिव्याला त्यातला एखाद-दुसरा जाईल, तेवढं चालतं. काही बँकांत मात्र प्रत्येक पोर्टचा भार वेगळा मोजला जातो, तिथे ही युक्ती फसते. म्हणून बँड शंभर टक्के होईपर्यंत काकूंना थांबवूनच घेतलं.

"म्हणजे दिव्याचेच पैसे द्यायचे?" त्यांनी विचारलं. दिव्याचेच घेतले.