पांढऱ्या सदऱ्यावरचा रश्शाचा डाग

“पांढऱ्या सुती कपड्यावर रस्सा सांडला की डाग निघतच नाही, साबण लावला तर उलट लाल होतो. तुम्ही काय करता?”

तो लाल झाला की मी घाबरत नाही. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकवाचा रंग येतो, हे आपल्याकडे जुनंच ठाऊक आहे. साबण आणि धुण्याचा सोडा चुन्यासारखेच क्षारधर्मी असतात, म्हणून डागातली हळद त्यांच्या स्पर्शाने लाल होते. कपडा खराब झालेला नसतो, हळद अजून कुठे उरली आहे तेवढं त्यातून कळतं. त्यावर लिंबू पिळलं तर लाल जाऊन पुन्हा पिवळं दिसतं आणि डाग फिकटल्याचा भास होतो. पण हळद तिथेच असते, म्हणून लिंबाच्या मागे मी लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या सदऱ्यावर मिसळीचा कट सांडला, तेव्हा केलं ते सांगते. आधी चमच्याने वरचा कट उचलला आणि जुन्या फडक्याने टिपून घेतलं. घासलं असतं तर डाग पसरला असता. मग पाणी न लावता, कोरड्या डागावरच भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब टाकले, दोन्ही बाजूंनी बोटांनी चोळले आणि पंधरा मिनिटं तसंच ठेवलं. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेल निघाल्याशिवाय रंग हलत नाही, म्हणून पहिला मान लिक्विडचा. नंतर डागाच्या मागच्या बाजूने नळाचं साधं पाणी सोडलं आणि कपडा उजेडासमोर धरून पाहिला. तेलकट भाग अर्धपारदर्शक दिसतो. तो दिसला, म्हणून लिक्विड पुन्हा एकदा लावलं.

या टप्प्यावर गरम पाणी नको. हळदीने सुती कापड रंगवायचं असेल तर ते हळदीच्या गरम पाण्यातच ठेवतात. डाग असलेला कपडा गरम पाण्यात टाकला की तेच घरी घडतं.

तेल गेल्यावर डागाला कपड्यांचा साबण लावला. बराचसा भाग लाल झाला, पण कडेला एक नारिंगी पट्टा होता तसाच राहिला. जो लाल होत नाही तो हळदीचा नाही, तिखटाच्या तर्रीचा. त्याला परत लिक्विड लावलं. लाल भाग मात्र साबणासकट, ओला असताना, थेट उन्हात टाकला. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, आणि साबणाच्या क्षारात तो आणखी लवकर मोडतो. सदरा वाळत आला की पाणी शिंपडायचं, एवढंच काम. संध्याकाळपर्यंत फिकट गुलाबी सावली उरली, दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तीही गेली. कॉलर किंवा शिवणीवर डाग असेल तर कपडा उलटून आतल्या बाजूलाही ऊन द्यावं लागतं.

पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा ऑक्सिजन ब्लीचची पावडर पाकिटावरच्या प्रमाणात कोमट पाण्यात घालून कपडा भिजवते, अर्थात तेल काढून झाल्यावरच. ती नसेल तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. बाटलीवर 6 टक्के लिहिलं असेल तर तितकंच पाणी मिसळून, हातमोजे घालून, फक्त डागावर लावते आणि अर्ध्या तासाने धुऊन टाकते. क्लोरीनचं ब्लीच मी शेवटी ठेवते, कारण त्याने सुताचा धागा कमजोर होतो. ते लिंबू किंवा व्हिनेगरबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

मशीनमध्ये कपडा टाकायचा तो डाग गेल्याची खात्री झाल्यावर. थोडी शंका असेल तर थंड पाण्याचाच प्रोग्राम लावा आणि बाहेर काढल्यावर ओला असतानाच तपासा. डाग दिसत नसेल तर पुढच्या वेळी कॉटनचा प्रोग्राम 40 अंशांवर लावा; लेबलवर परवानगी असेल तर पांढऱ्या सुती कपड्याला 60 अंशही चालतात. सावली उरलेली असताना ड्रायर किंवा इस्त्री नको, उष्णतेने ती पक्की होते. इस्त्री झालेले, महिनोन्‌महिने कपाटात राहिलेले डाग पुष्कळ फिकटतात, पण पूर्ण जातीलच असं नाही. आणि नीळ सगळ्यात शेवटी. पिवळी छटा उरलेली असताना नीळ दिली तर तेवढाच भाग हिरवट दिसतो.