आमची वाटचाल: हलका माल, जड बिल

आम्ही घरच्या घरी कापडी लॅम्पशेड बनवतो. हे काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, शेड वजनाला काहीच नसते, पण जागा मात्र अख्खी खाते. कापड, तारेच्या फ्रेम, ग्राहक हे सगळं यथावकाश जमलं. आमचं दुकान बंद पडायची वेळ आली ती मालाच्या पाठवणीमुळे, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

सुरुवात टपालानं केली. रांगेत उभं राहावं लागायचं आणि पार्सल कुठवर पोचलं ते नीट कळायचं नाही, हे खरं. पण काउंटरवर पार्सल आपल्यासमोर मापलं जातं, तिथेच पैसे घेऊन पावती मिळते आणि विषय संपतो. आमच्या अगदी पहिल्या ग्राहक एक शिक्षिकाताई. त्यांच्या गावात कुरिअरवाले जातच नाहीत. "आमच्याकडे पोस्टमनच येतो, त्याच्याच हाती द्या," म्हणाल्या. आजही त्या शेड मागवतात आणि ती टपालानंच जाते.

ऑर्डरी वाढल्यावर कुरिअर अ‍ॅग्रिगेटरकडे गेलो. एका पडद्यावर अनेक कुरिअर कंपन्यांचे दर दिसतात, माणूस घरी येऊन माल उचलतो, लेबल आपणच छापायचं. पैसे आधी वॉलेटमध्ये भरायचे. सोय होती, नाही म्हणणार नाही.

घोळ झाला तो मापाचा. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि व्हॉल्युमेट्रिक वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 नं भागायचं. आमचा खोका 30 × 30 × 25. म्हणजे 22500 भागिले 5000, साडेचार किलो. आत शेड जेमतेम पाऊण किलोची! तेही आम्ही मान्य करून दर ठरवले होते. पण बबल रॅप कोंबून टेप ओढली की खोक्याच्या बाजू फुगतात, आणि गोदामातलं यंत्र सर्वांत बाहेर आलेला बिंदू धरतं. त्यानं 34 × 34 × 28 मापलं. म्हणजे जवळपास साडेसहा किलो.

फरकाचे पैसे न विचारता वॉलेटमधून कापले गेले. एकाच पार्सलचे नाहीत, मागच्या कित्येक पार्सलांचे एकदम. वॉलेट उणे झालं, नवीन लेबल निघेना. त्यात कॅश ऑन डिलिव्हरीचे आमचे पैसे त्यांच्याकडेच होते, ते त्यांनी उणे बाकीत वळते करून घेतले. तक्रार केली तर म्हणाले, पुरावा द्या, मुदतीत द्या. ज्या खोक्याचा त्यांच्या यंत्रानं फोटो काढला होता तोच फोटो ते आम्हाला दाखवत होते आणि त्यात माप दिसत नव्हतं! कापड आणायला हातात पैसा उरला नाही. फ्रेम वाकवणारा माझा मावसभाऊ तेव्हा बिनपैशानं काम करत राहिला, म्हणून आज हे लिहितोय.

त्यानंतर तीन वस्तू टेबलावरून हलल्या नाहीत: डिजिटल काटा, कडक मोजपट्टी आणि फोन. टेप लावून झाल्यावर मापायचं, आधी नाही. लेबल दिसेल अशा बेतानं पट्टी तिन्ही बाजूंना लावून फोटो, एक फोटो काट्यावर. फरक कापला की त्याच दिवशी तक्रार. आणि भावानं फ्रेमच घडीची केली. खोका 32 × 22 × 6 झाला, व्हॉल्युमेट्रिक वजन एक किलोच्या आत. ग्राहकाला रिंग जोडावी लागते, कागदावर चित्र काढून देतो.

कॅश ऑन डिलिव्हरीचं एक गणित नव्यांनी करून बघावं, विचारलं नसलं तरी सांगतो. दहा पार्सलं गेली, दोन परत आली आणि परतीचा दर जाण्याइतकाच धरला, तर बारा फेऱ्यांचा खर्च आठ विक्रींवर पडतो. म्हणजे प्रत्येक विकलेल्या शेडला दीडपट भाडं. तेवढं किमतीत बसत नसेल तर आगाऊ पैसे घ्यावेत.

गावातल्या गावात दुचाकीवाला बरा. भाडं अंतराचं, मापाची भानगड नाही, घडी न घालता तयार शेड जाते. फक्त मोठी शेड त्याच्या पिशवीत मावत नाही. त्यामुळे बुक करतानाच व्यास सांगतो, नाहीतर तो दारातून परत जातो. दारात थांबायचेही पैसे लागतात, म्हणून ग्राहक घरी आहे का हे आधी फोन करून विचारतो.

आता दूरच्या आणि आडगावच्या ऑर्डरी टपालानं, घाईच्या आणि घडीच्या अ‍ॅग्रिगेटरनं, मोठ्या तयार शेड दुचाकीनं. अ‍ॅग्रिगेटर बदलला. आधीच्या अ‍ॅग्रिगेटरचा विक्री प्रतिनिधी अजून सवलतीची ऑफर घेऊन फोन करतो. मी त्याला कापलेल्या पैशांचा हिशेब मागतो, तो म्हणतो वरच्यांना विचारून सांगतो.