रिसिव्हचा दिवा हिरवा, तरी ब्रँच डाउन

"मोडेमवर रिसिव्हचा दिवा हिरवा आहे की, मग ब्रँच डाउन कशी म्हणता?"

साहेब, बँकेच्या ब्रँचची लिंक सॅटेलाइटवरून जाते, आणि तो दिवा तुमच्या ब्रँचचं काहीच सांगत नाही. तो सांगतो की हबचा, म्हणजे पलीकडच्या मुख्य केंद्राचा, आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय. हबकडे मोठी डिश आहे आणि पॉवरही भरपूर आहे. पाऊस आला की हबचा कॅरियर, म्हणजे डेटा वाहून नेणारा सिग्नल, आपोआप सोप्या कोडिंगवर उतरतो आणि लॉक टिकतो. तुमच्याकडे छतावर 1.2 मीटरची डिश आणि सिग्नल वर पाठवणारा 2 वॉटचा बीयूसी, एवढंच आहे.

तुमचा कॅरियर 14287.5 मेगाहर्ट्झवर वर जातो. सॅटेलाइटवरचा ट्रान्सपाँडर त्यातून 2800 वजा करतो, म्हणून हबवर तो 11487.5 वर दिसतो. ट्रान्सपाँडर फक्त फ्रिक्वेन्सी बदलतो आणि सिग्नल वाढवतो, दुरुस्त करत नाही. वर पोचताना सिग्नल गोंगाटात बुडाला असेल तर खाली येतानाही बुडालेलाच येतो. हबची डिश कितीही मोठी असली तरी तो बाहेर काढता येत नाही.

खानापूर तालुक्यातल्या घाटाकडच्या ब्रँचमधला जुलैचा पेन्शनचा दिवस मला विसरता येत नाही. काउंटरपुढे भिजलेली माणसं उभी होती. एक आजोबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पैसे आल्यात म्हणून मेसेज आलाय की." मी हबशी फोनवर होतो. हबच्या गावी ऊन होतं, म्हणजे अडचण आमच्याच डोक्यावरच्या ढगात होती. एरवी आमचा सी बाय एन, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद, 12 डीबी असायचा, तेव्हा 4 वर आला होता. हबच्या डिमोड्युलेटरला सिग्नल वाचायला किमान 6 लागतात. मॅनेजर मागून सांगत होते, "पॉवर वाढवा." हबने 1 डीबी वाढवली, 5 झाले. आणखी 1 वाढवली तर अर्धाच मिळाला. बीयूसी दमला होता. स्क्रीनवर कॅरियरच्या दोन्ही बाजूंना खांदे उगवले, म्हणजे शेजारच्या कॅरियरमध्ये आमची घाण जायला लागली होती. त्यापुढे वाढवणं म्हणजे दुसऱ्या कुणाची ब्रँच पाडणं.

शेवटी पॉवर पूर्ववत करून सिम्बॉल रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग, निम्मा केला. तेवढीच पॉवर निम्म्या बँडविड्थमध्ये आली, 3 डीबी सुटले आणि 7 झाले. लिंक आली, पण रडतखडत. एकेका व्हाउचरला वेळ लागत होता, तरी आजोबांना पैसे मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, कायमचा उपाय करा. 1.8 मीटरच्या डिशने साडेतीन डीबी मिळतात. ती मी मागतोच आहे. पण घाटातल्या ढगफुटीसारख्या सरीत 14 गिगाहर्ट्झला 20 डीबीसुद्धा जातात, तिथे साडेतीनचं काय होणार? पूर्वी मी अशा ब्रँचना कमी फ्रिक्वेन्सीचा एक्स्टेंडेड सी बँडच द्या म्हणून भांडायचो. पावसाला तो फारसा जुमानत नाही, हे आजही खरं आहे. पण त्याला आणखी मोठी डिश लागते, आणि कौलारू ब्रँचवर ती बसवायची कुठे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.